कोलोनची ऑफर आली आहे. महिन्याला ९९२ युरो पुरतील का, हे होकाराआधी कसं मोजायचं?

मृण्मयी_क | ११ मे २०२५

नमस्कार मंडळी. माझ्या धाकट्या भावाला जर्मनीत कोलोनच्या एका विद्यापीठातून मास्टर्सची ऑफर आली आहे. होकार कळवायला अठरा दिवस आहेत. शिकवणीची फी नाही, दर सेमिस्टरला ३३० युरो शुल्क आहे आणि त्यात प्रवासाचा पास धरला आहे असं पत्रात लिहिलंय.

व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो ठेवायचे, म्हणजे महिन्याला ९९२. घरात सगळ्यांचं म्हणणं असं, की तिथल्या सरकारनेच आकडा ठरवून दिलाय, मग वेगळा हिशेब कशाला मांडायचा? मला मात्र चैन पडत नाही. पैसे बाबा आणि मी मिळून घालणार आहोत. चौथ्या-पाचव्या महिन्यात त्याचा फोन आला आणि आमच्याकडे काही उरलं नसलं, तर काय करायचं? त्यापेक्षा आत्ताच नीट कळलेलं बरं. भाडं, किराणा, प्रवास आणि आरोग्य विमा, या चारांचा अंदाज इथे बसून कसा काढू?

विक्रांत७७ | ११ मे २०२५

ताई, उगाच घाबरताय. ९९२ आरामात पुरतात. माझा मित्र लाइपझिगला होता, त्याचे दरमहा शंभर-दीडशे शिल्लक पडायचे. भाडं ३५० धरा, जेवणखाण २००, डॉइचलांड-टिकिट या प्रवासाच्या मासिक पासाचे ५८. विम्याला फार तर ३५. परदेशी विद्यार्थ्यांसाठी तेवढ्यात पॉलिसी मिळते, मी स्वतः साइटवर पाहिली आहे. बेरीज सातशेच्या आत येते.

अवनी_प | ११ मे २०२५

मृण्मयी, मी विद्यार्थी म्हणून इथे आले त्याला आता नऊ वर्षं झाली. दर सप्टेंबरला नव्याने येणाऱ्या दोन-चार मुलांना खोली शोधायला मदत करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

९९२ हा आकडा कुठून आला ते आधी बघ, म्हणजे पुढचं सगळं सोपं होईल. जर्मन विद्यार्थ्यांना सरकारकडून शिक्षणासाठी जी मदत मिळते, तिला बाफ्योग म्हणतात. तिची कमाल रक्कम म्हणजेच ९९२. तिची फोड अशी आहे: रोजच्या गरजांसाठी ४७५, घरासाठी ३८० आणि विम्यासाठी १३७. व्हिसाच्या आकड्यात तुझ्या भावाचं शहर कुठेच नाही. आख्ख्या देशासाठी घराचे सरसकट ३८० धरले आहेत.

प्रत्यक्षात काय? २०२४-२५च्या हिवाळी सेमिस्टरच्या सुरुवातीला शेअर फ्लॅटमधल्या खोलीचं देशभरातलं सरासरी भाडं ४९०च्या आसपास होतं, आणि म्युनिकमध्ये ८००च्या जवळ. लाइपझिगसारख्या पूर्वेकडच्या शहरांत ३५०ला खोली मिळते, त्यामुळे विक्रांत यांच्या मित्राचं जमलं यात नवल नाही. पण लाइपझिगचं भाडं घेऊन कोलोनचा हिशेब करता येत नाही. कोलोन देशाच्या सरासरीपेक्षा महाग आहे.

विमा आणि पास या दोन्हींबद्दल वरच्या उत्तरात चूक आहे. त्यावर उद्या लिहिते, आज उशीर झालाय. तोवर तू एक काम कर. wg-gesucht.de वर कोलोन निवडून तीन-चार दिवस रोज पाच-सहा जाहिराती एका तक्त्यात उतरवून ठेव. सरासरी काढायची घाई करू नकोस, आधी उतरव.

शरद_देव | १२ मे २०२५

माझा अनुभव थोडा वेगळा आहे, कदाचित उपयोगी पडेल. मुलगी ऑस्ट्रेलियात शिकते. तिथे विद्यार्थ्यांचा आरोग्य विमा व्हिसाच्या संपूर्ण मुदतीचा आधीच काढावा लागतो. आम्ही तो 'महिन्याच्या खर्चात' बारा भाग करून मांडला होता आणि प्रत्यक्षात दोन वर्षांची रक्कम एकदम भरायची वेळ आली. पुतण्या ब्रिटनला गेला, तिथेही तेच. आरोग्य अधिभार वर्षाला ७७६ पौंड, आणि तो व्हिसाच्या अर्जाबरोबरच सगळ्या वर्षांचा भरायचा.

सांगायचं ते इतकंच, की विमा किती आहे याच्याइतकंच तो कधी भरायचा हेही विचारून घ्या. शिवाय कर्जाचा हप्ता शिक्षण चालू असताना सुरू होतो की नंतर, तेही बघा. आमचं व्याज पहिल्या महिन्यापासून सुरू झालं होतं.

मृण्मयी_क | १२ मे २०२५

शरदकाका, धन्यवाद. कर्ज काढत नाही आहोत, साठवलेले पैसे आहेत. पण 'कधी भरायचा' हा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता.

अवनीताई, तक्ता सुरू केला आहे. पहिल्याच दिवशी गोंधळ झाला. एकाच जाहिरातीत भाड्याचे दोन आकडे दिसतात, कुठला धरू?

अवनी_प | १२ मे २०२५

दोन्ही उतरव. काल्टमीटे म्हणजे नुसत्या जागेचं भाडं. त्यात नेबेनकोस्टेन मिळवले, म्हणजे हीटिंग, पाणी, कचरा, जिन्याची साफसफाई वगैरे, की होतं वार्ममीटे. पण वार्म लिहिलंय म्हणून त्यात सगळं आलं असं समजू नकोस. वीज आणि इंटरनेट बहुतेक वेळा वेगळे असतात. तुझ्या तक्त्यात शेवटचा रकाना 'सगळं धरून' असा हवा. काल्टचाही रकाना ठेव, कारण डिपॉझिट त्यावरून ठरतं. कायद्याने घरमालक जास्तीत जास्त तीन महिन्यांचं काल्ट भाडं डिपॉझिट म्हणून मागू शकतो.

आता विमा. विक्रांत, तुम्ही पाहिलीत ती पॉलिसी खरीच असणार, पण ती प्रवाशांसाठी किंवा अल्प मुदतीच्या मुक्कामासाठी असते. विमान उतरल्यापासून विद्यापीठाचा विमा सुरू होईपर्यंतच्या दिवसांना ती उत्तम. प्रवेश निश्चित करायला मात्र तिचा उपयोग नाही. विद्यापीठाला सार्वजनिक विमा संस्थेकडून ऑनलाइन एक निरोप जावा लागतो, त्याला एम-टेन म्हणतात. तो आल्याशिवाय नाव नोंदवत नाहीत. खासगी विमा घ्यायचा झाला तरी सार्वजनिक संस्थेकडून सूट घ्यावी लागते, आणि ती सूट एकदा घेतली की त्या शिक्षणाच्या काळात मागे फिरता येत नाही. पहिल्या महिन्यात शंभर युरो वाचतात म्हणून सही करतात आणि पुढे दुखणं निघालं की अडकतात. अशी दोन मुलं मी जवळून पाहिली आहेत.

तिशीच्या आतल्या विद्यार्थ्याला सार्वजनिक विम्याचा हप्ता जवळपास ठरलेला असतो. आरोग्याचा मूळ भाग ८७ युरोंच्या वर काही सेंट, त्यावर प्रत्येक संस्थेचा स्वतःचा अधिभार, आणि दीर्घकालीन शुश्रूषेचा वेगळा भाग. संस्थेसंस्थेत फरक पडतो तो त्या मधल्या अधिभारामुळे, आणि तो महिन्याला थोड्याच युरोंचा असतो. भावाचं वय किती? तेविशी ओलांडली असेल आणि मूल नसेल तर शुश्रूषेचा भाग सुमारे पाच युरोंनी वाढतो. एकूण १४५ धर. बाफ्योगच्या फोडीतल्या १३७पेक्षा हा आत्ताच जास्त आहे, बघ.

विक्रांत७७ | १२ मे २०२५

विम्याचं मला ठाऊक नव्हतं, माझा मित्र बहुधा तसाच विमा सुरुवातीच्या भाषेच्या कोर्सला वापरत होता. पण तिकिटाचे ५८ तर लागतीलच ना? की तेही चूक?

अवनी_प | १२ मे २०२५

बरोबर, भाषेच्या कोर्सच्या मुलांना विद्यार्थ्यांचा सार्वजनिक विमा मिळत नाही, त्यांना तसाच काढावा लागतो. तुमच्या मित्राचं त्या काळापुरतं योग्यच होतं.

तिकिटाचं असं. ५८ हा सगळ्यांसाठीचा दर. ज्या विद्यापीठांनी करार केलाय तिथे विद्यार्थ्याला त्याच्या ६० टक्के पडतात, म्हणजे ३४ युरो ८० सेंट, आणि ते सेमिस्टरच्या शुल्कातच धरलेले असतात. मृण्मयीच्या पत्रात पास आहे असं लिहिलंय, म्हणजे ३३०ला सहाने भागून ५५ धरायचे आणि प्रवासाच्या खात्यात शून्य. नाहीतर तोच पास दोनदा मोजला जातो. फक्त पत्रात एक बघ: पास आख्ख्या देशातल्या लोकल आणि प्रादेशिक गाड्यांना चालतो की एखाद्याच भागापुरता?

मृण्मयी_क | १३ मे २०२५

पाहिलं. देशभर चालतो. भाऊ चोवीस वर्षांचा आहे.

निनाद_रा | १३ मे २०२५

मग राहायला कोलोनच कशाला हवं? मी दोन वर्षं विद्यापीठापासून रेल्वेने चाळीस मिनिटांवरच्या गावात राहिलो. पास होताच. भाडं शहरापेक्षा दीडशेने कमी. वर्षाचे अठराशे वाचले.

अवनी_प | १३ मे २०२५

हा रस्ता चांगला आहे, पण त्याची किंमत काय पडते तेही सांगा ना. शेवटची गाडी किती वाजता होती?

निनाद_रा | १३ मे २०२५

रात्री बारा वाजून काही मिनिटांनी. हिवाळ्यात गाड्या रद्द व्हायच्या, तेव्हा फलाटावर तासभर थांबावं लागे. सकाळी आठच्या प्रॅक्टिकलला मी सव्वासहाला घर सोडायचो. लायब्ररीत रात्री थांबणं जमलं नाही, आणि संध्याकाळची नोकरीही दोनदा सोडावी लागली. तरी मी पुन्हा तेच करीन, कारण माझ्याकडे ते दीडशे नव्हतेच. ज्याच्याकडे आहेत त्याने शहरात राहावं.

अवनी_प | १३ मे २०२५

माझं मत उलट आहे. पहिलं सेमिस्टर तरी शहरात काढावं, कारण ओळखी, नोकरी आणि पुढची खोली हे तिघंही तिथेच सापडतं. पण तुमची अडचण खरी होती, त्यामुळे यात एकच बरोबर उत्तर आहे असं मी म्हणणार नाही.

मृण्मयी_क | १६ मे २०२५

चार दिवसांचा तक्ता झाला. एकूण बावीस जाहिराती उतरवल्या. त्यातल्या सहा दोन-तीन महिन्यांपुरत्या होत्या, मूळ भाडेकरू बाहेरगावी गेलाय तेवढ्या काळासाठी. दोन फक्त सोमवार ते शुक्रवार राहणाऱ्यांसाठी. तीनमध्ये 'आनमेल्डुंग शक्य नाही' असं लिहिलं होतं, त्याचा अर्थ नीटसा लागला नाही, पण त्याही बाजूला ठेवल्या. राहिल्या अकरा. सगळं धरून त्या चढत्या क्रमाने लावल्या, तर सहावी, म्हणजे मधली, अशी आहे:

तिघांच्या फ्लॅटमधली चौदा चौरस मीटरची खोली. काल्ट ४१०, नेबेनकोस्टेन ९५, वीज आणि इंटरनेटचे ३८. एकूण ५४३. डिपॉझिट १,२३०.

सगळ्यात स्वस्त ४१५ची होती. भाऊ म्हणतो तीच धरूया.

अवनी_प | १६ मे २०२५

फार छान काम केलंस. तू सरासरी न काढता मधली निवडलीस, तेही बरोबर, कारण एखादी हजाराची खोली सरासरी उगाच वर ओढते.

स्वस्त धरू नकोस. ४१५च्या खोलीला एका दिवसात शंभरेक अर्ज जातात आणि फ्लॅटमधली मुलं समोर भेटलेल्याला पसंती देतात. तुझा भाऊ तेव्हा व्हिसाच्या रांगेत असेल. अंदाज मधल्या खोलीवर बांध. स्वस्त मिळाली तर आनंदच आहे.

'आनमेल्डुंग शक्य नाही' म्हणजे त्या पत्त्यावर सरकारदरबारी नाव नोंदवता येणार नाही. इथे घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्ता नोंदवावा लागतो आणि त्यासाठी घरमालकाच्या सहीचा कागद लागतो. ती नोंद नसेल तर निवासी परवान्याचं काम अडतं. तीन बाजूला काढल्यास ते योग्यच केलंस.

विद्यार्थी वसतिगृहासाठी श्टुडिएरेंडेनवेर्ककडे आजच अर्ज टाक. भाडं बरंच कमी असतं आणि वीज-इंटरनेट त्यातच येतं. पण प्रतीक्षायादी अनेकदा एका सेमिस्टरहून लांब असते, म्हणून ती खोली आत्ताच्या अंदाजात धरू नकोस.

केतकी_ज | १६ मे २०२५

नेबेनकोस्टेन ९५ आहेत त्याबद्दल मला सांगायचंय. त्यापुढे कुठला शब्द आहे ते जाहिरातीत बघा. 'पाउशाले' असेल तर ती ठरावीक रक्कम, विषय संपला. 'फोराउसत्सालुंग' असेल तर ते आगाऊ पैसे आहेत आणि वर्षाअखेरीला खरा हिशेब होतो.

माझी खोली उत्तरेकडची होती. भिंतीला ओल यायची म्हणून खिडकी वरून थोडी कललेली उघडी ठेवायचे आणि तिच्याच खाली हीटर तीनवर. संपूर्ण हिवाळा. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये दोन पानांचा कागद आला. डावीकडे मी भरलेले बारा हप्ते, उजवीकडे हीटिंगची एककं, खाली ३१२ युरोंची मागणी आणि भरायला तीस दिवस. मी आगाऊ हप्ते भरत होते म्हणून मला वाटायचं सगळं मिटलंय. त्या महिन्यात घरून मागायची मला फार लाज वाटली. हे कुणी आधी सांगितलं असतं तर दरमहा पंचवीस बाजूला टाकले असते.

नंतर शेजारणीने दाखवलं. हीटर बंद करून दिवसातून दोनदा पाच मिनिटं खिडकी पूर्ण उघडायची. ओलही गेली आणि दुसऱ्या वर्षी ४० युरो परत आले.

मृण्मयी_क | १७ मे २०२५

केतकी, आत्ता जाऊन बघितलं. 'फोराउसत्सालुंग'च आहे. मी वाचूनही सोडून दिलं होतं.

किराण्याचं मात्र मला काहीच सुचत नाही. कुणी १५० म्हणतं, कुणी ३००.

अवनी_प | १७ मे २०२५

कारण दोघं वेगवेगळं खातात. दुसऱ्याचा आकडा उसना घेऊ नकोस. भाऊ दोन आठवड्यांत खरोखर काय आणि किती खातो ते त्याच्याकडून वजनासकट लिहून घे: दूध किती लिटर, तांदूळ किती, तेल, भाज्या, अंडी. मग तिथल्या एखाद्या सुपरमार्केटच्या ऑनलाइन दुकानात तेच शोध आणि पाकिटाच्या किमतीकडे न बघता तिच्याखाली बारीक अक्षरात किलोचा दर असतो तो उतरव. दोन आठवड्यांची बेरीज गुणिले २६ भागिले १२. दोनने गुणलंस तर वर्षात चार आठवडे उपाशी राहतील.

आणि साबण, टूथपेस्ट, कपडे धुण्याची पावडर त्याच यादीत टाक. दुपारी विद्यापीठाच्या मेन्सामध्ये जेवणार असेल तर ती जेवणं वेगळी मोज, कारण ती घरच्यापेक्षा महाग पण बाहेरच्यापेक्षा खूप स्वस्त असतात.

प्रसाद_एम | १७ मे २०२५

मी ३१ वर्षांचा आहे, पुढच्या वर्षी जर्मनीलाच मास्टर्सचा विचार आहे. मग मीही विम्याला १४५ धरू ना?

अवनी_प | १७ मे २०२५

नाही. विद्यार्थ्यांचा हा हप्ता तिशीपर्यंतच. त्यानंतर बहुतेकांना खासगी विमा घ्यावा लागतो आणि त्याचा हप्ता वयावर, जुन्या आजारांवर आणि काय-काय झाकलं आहे यावर ठरतो. तुम्हाला मी इथे आकडा सांगणं धोक्याचं आहे. ऑफरची वाट न बघता दोन-तीन कंपन्यांकडून लेखी कोटेशन मागवा. त्यात दात, मानसिक उपचार आणि जुने आजार यांबद्दल काय लिहिलंय ते आधी वाचा. स्वस्त पॉलिसीत हीच तीन दारं बंद असतात.

मृण्मयी_क | १९ मे २०२५

हिशेब झाला. कृपया तपासा.

खोली ५४३. रेडिओ-टीव्हीचं सक्तीचं शुल्क घरटी १८.३६ असतं असं वाचलं, तिघांत वाटून ६. विमा १४५. सेमिस्टर शुल्काचा महिन्याचा भाग ५५, पास त्यातच. किराणा यादीवरून २१० आला, भावाने दोनदा तपासला. मोबाइल १२. कपडे, झेरॉक्स, केस कापणं, कधीतरी बाहेर खाणं असं सगळं मिळून ८०.

एकूण १,०५१. म्हणजे ९९२पेक्षा दरमहा ५९ जास्त, वर्षाला ७०८. यात केतकीचे पंचवीस अजून धरलेले नाहीत.

भाऊ म्हणतो ५९ काय, आठवड्याला पाच तास काम केलं तरी सुटतात.

विक्रांत७७ | १९ मे २०२५

हे मात्र भाऊ बरोबर बोलतो. किमान वेतन तासाला १२.८२ आहे. पाच तास म्हणजे ५९ एका आठवड्यात सुटतात! वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करायची परवानगीही आहे.

अवनी_प | १९ मे २०२५

विक्रांत, दोन्ही आकडे बरोबर आहेत. पण काम मिळेपर्यंतचे महिने कोण भरणार? जर्मन येत नसेल तर पहिलं काम मिळायला सहज तीन-चार महिने जातात, आणि फेब्रुवारीत परीक्षा. माझं म्हणणं, पहिल्या सेमिस्टरला कमाई शून्य धरावी. त्यानंतरची कमाई ब्लॉक्ड अकाउंटच्या दुसऱ्या वर्षासाठी लागणारच आहे, कारण परवाना वाढवताना पैशांचा पुरावा पुन्हा दाखवावा लागतो. ११,९०४ एकाच वर्षाचे आहेत, मास्टर्स दोन वर्षांचं.

मृण्मयी, तुझा हिशेब चोख आहे. केतकीचे २५ मिळव, ८४चा फरक धर. पण मला जास्त काळजी पहिल्या सहा आठवड्यांची वाटते, ती तुझ्या बेरजेत दिसतच नाही.

ब्लॉक्ड अकाउंटमधून दर महिन्याला ९९२च सुटतात, एक युरोही जास्त नाही. आणि पहिला हप्तासुद्धा तिथे पोहोचून बँकेत खातं उघडल्यावरच सुटतो. म्हणजे खात्यात ११,९०४ पडून आहेत आणि डिपॉझिटचे १,२३० भरायला हातात काहीच नाही, अशी वेळ येते. सप्टेंबरात मला फोन येतात ते बहुतेक यासाठीच. पहिल्या सहा आठवड्यांचा वेगळा कागद कर.

मृण्मयी_क | २० मे २०२५

केला. खोली मिळेपर्यंत तीन आठवडे तात्पुरती राहायची सोय, मी ४५० धरले. डिपॉझिट १,२३०. पहिलं भाडं ५४३. सेमिस्टर शुल्क एकदम ३३०. निवासी परवान्याचे साधारण १००. गादी, पांघरूण, भांडी २५०. विमा १४५, किराणा २१०.

३,२५८ होतात. खरं सांगते, हा आकडा बघून रात्री झोप लागली नाही.

अवनी_प | २० मे २०२५

थांब, त्याचे दोन भाग कर. भाडं, शुल्क, विमा आणि किराणा हे तुझ्या महिन्याच्या हिशेबात आधीच आहेत, फक्त ते आधी द्यावे लागतात. खरोखर वरचा खर्च म्हणजे डिपॉझिट, तात्पुरती सोय, सामान आणि परवाना. ते होतात २,०३०. त्यातले १,२३० खोली सोडताना परत मिळायचे आहेत, फक्त लगेच नाही. शेवटचा हीटिंगचा हिशेब होईपर्यंत घरमालक काही भाग काही महिने ठेवून घेऊ शकतो.

शिवाय कायद्याने भाडेकरूला डिपॉझिट तीन समान मासिक हप्त्यांत भरायचा हक्क आहे, पहिला हप्ता राहायला जाताना. म्हणजे सुरुवातीला १,२३०ऐवजी ४१० लागतात. प्रत्यक्षात काय होतं, तर फ्लॅटमधली मुलं सगळी रक्कम लगेच देणाऱ्याला पसंती देतात, म्हणून हा हक्क आहे तरी त्यावर विसंबू नकोस.

विम्याचंही एक. विमा सेमिस्टरच्या सुरुवातीपासून, म्हणजे १ ऑक्टोबरपासून लागू होतो, पण बँक खातं उशिरा झालं की पहिली वजावट बरेचदा दोन महिन्यांची एकदम होते. १४५च्या जागी २९० लिहून ठेव.

आणि खोली प्रत्यक्ष किंवा निदान व्हिडिओवर बघितल्याशिवाय, करारावर सही झाल्याशिवाय डिपॉझिट पाठवायचं नाही. 'मी सध्या परदेशात आहे, पैसे पाठवा, किल्ली कुरिअरने येईल' असा मेल आला की तो माणूस घरमालक नाही.

निनाद_रा | २० मे २०२५

माझ्या बॅचच्या एकाचे नऊशे असेच गेले. फोटो सुंदर होते आणि भाडं शेजारच्या खोल्यांपेक्षा दोनशेने कमी. मृण्मयीसारखा तक्ता त्याच्याकडे असता तर तो कमी आकडाच खटकला असता.

शरद_देव | २१ मे २०२५

मग ताई, होकार देताय की नाही?

मृण्मयी_क | २३ मे २०२५

काल बाबा, भाऊ आणि मी तिघं बसलो. विमा २९० केल्यावर सुरुवातीचे ३,४०३ होतात. ब्लॉक्ड अकाउंटशिवाय वेगळे ३,४०० युरो, आणि वर्षाचा फरक म्हणून दरमहा ८४, एवढं आमच्याकडे आहे. पहिलं वर्ष कमाईशिवाय निभेल. दुसऱ्या वर्षाचे पूर्ण पैसे आज नाहीत, ते मी भावाला स्पष्ट सांगितलं. त्याने एक मार्ग सुचवला आहे: मार्चपर्यंत काम मिळालं नाही तर निनाद यांच्यासारखं बाहेरच्या गावात खोली घ्यायची. बाबांना ते पटलेलं नाही. त्यांचं म्हणणं, अभ्यासाला गेलाय तर अभ्यास करू दे, पैशांचं आपण बघू. कसं बघणार, ते त्यांनी सांगितलं नाही.

होकाराला अजून सहा दिवस आहेत. वसतिगृहाचा अर्ज भरला, यादीत क्रमांक आला की कळवीन. अवनीताई, त्या ५४३च्या खोलीतल्या मुलींना भावाने मेल केला होता. त्यांनी रविवारी व्हिडिओ कॉलला बोलावलंय, पण खोली १ ऑगस्टपासून हवी असेल तरच. रिकामी ठेवून दोन महिन्यांचं भाडं भरायचं, की सोडून द्यायची?

अवनी_प | २३ मे २०२५

दोन महिने म्हणजे १,०८६. तात्पुरत्या सोयीचे ४५० वाचतील, तरी ६३६ जास्तीचे जातात. कॉलवर विचार, दोन महिन्यांसाठी दुसरा कुणी पोटभाडेकरू ठेवला तर चालेल का. घरमालकाची लेखी परवानगी लागेल. इथे ते सर्रास चालतं. तू बाजूला काढलेल्या त्या सहा जाहिराती तशाच होत्या.